पर्जन्यपत्रकांची कॅशे : हॅश मॅप आणि डबली लिंक्ड लिस्ट एकत्र का लागतात (प्रकल्प नोंदी)

९ जून २०२५, लातूर

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील ७६ तालुक्यांची पर्जन्यपत्रके तयार करून देणारी आमची सेवा मागील आठवड्यापासून संथ झाली आहे. एका पत्रकात एका तालुक्याच्या एका वर्षाचा १ जून ते ३० सप्टेंबर असा १२२ दिवसांचा पाऊस, २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसांची संख्या, पावसातील खंड आणि आलेख असतो. मूळ नोंदींवरून असे एक पत्रक बनवण्यास सुमारे दोन सेकंद लागतात. आमच्याकडे १९९६ ते २०२५ या ३० वर्षांच्या नोंदी असल्यामुळे एकूण पत्रके २,२८० होतात. प्रत्येक पत्रक साधारण २०० किलोबाइटचे धरले तर सर्व मिळून साडेचारशे मेगाबाइटच्या पुढे जातात. आमचा सर्व्हर १ गिगाबाइट मेमरीचा आहे आणि त्याच मेमरीत डेटाबेसही चालतो, त्यामुळे सर्व पत्रके तयार करून मेमरीत ठेवणे शक्य नाही. म्हणून काही तयार पत्रके पुन्हा देण्यासाठी मेमरीत राखून ठेवायची, आणि या साठ्यासाठी, म्हणजे कॅशेसाठी, १०० मेगाबाइट किंवा ५०० पत्रके एवढी मर्यादा आज ठरली.

मर्यादा ठरली की जागा भरल्यावर कोणते पत्रक काढायचे हा प्रश्न येतोच. गेल्या पावसाळ्यातील मागणीच्या नोंदी पाहिल्या तेव्हा तिचा स्वभाव स्पष्ट दिसला. एखाद्या तालुक्यात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस होऊन अतिवृष्टीची नोंद झाली की पुढील दोन-तीन दिवस त्याच तालुक्याचे चालू वर्षाचे पत्रक आणि तुलनेसाठी मागील काही वर्षांची पत्रके पुन्हा पुन्हा मागितली जातात. नंतर ती मागणी थांबते आणि दुसऱ्या तालुक्याकडे वळते. नुकतेच मागितलेले पत्रक लवकरच पुन्हा मागितले जाण्याची शक्यता अधिक, असा हा स्वभाव असल्यामुळे ज्याची मागणी सर्वांत आधी थांबली ते पत्रक काढावे, म्हणजे एलआरयू पद्धत वापरावी, असे ठरवले.

११ जून २०२५

आमच्याकडे प्रशिक्षणासाठी आलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आज विचारलेला प्रश्न नोंदवून ठेवण्यासारखा आहे. तो म्हणाला, "सर, पायथनच्या डिक्शनरीत, म्हणजे हॅश मॅपमध्ये, पत्रक ठेवायचे आणि सोबत शेवटच्या वापराची वेळ ठेवायची. जागा भरली की सर्वांत जुनी वेळ शोधून ते पत्रक काढायचे. मग सोबत डबली लिंक्ड लिस्ट, म्हणजे दोन्ही बाजूंनी जोडलेली यादी, कशाला हवी?"

पत्रकांच्या कॅशेपुरते त्याचे म्हणणे चुकीचे नाही. ५०० नोंदी चाळून सर्वांत जुनी वेळ शोधण्यास मिलिसेकंदाचा लहानसा अंश लागतो, आणि तो पत्रक बनवण्याच्या दोन सेकंदांपुढे नगण्य आहे. परंतु हाच घटक आम्हाला दुसऱ्या ठिकाणीही वापरायचा आहे. महसूल मंडळांच्या दैनंदिन नोंदी एका वेगळ्या सेवेकडून जाळ्यावरून मागवाव्या लागतात, आणि त्यांच्या कॅशेची मर्यादा २,००,००० नोंदी अशी आहे. तेथे एक नोंद काढण्यासाठी दोन लाख वेळा तपासाव्या लागतील. आमच्या यंत्रावर अशा एका फेरीस साधारण १० मिलिसेकंद लागतात. तालुक्यात सहा मंडळे असतील तर एका पत्रकासाठी १२२ गुणिले ६, म्हणजे ७३२ नोंदी आणाव्या लागतात. कॅशे भरलेली असेल तर तितक्याच जुन्या नोंदी काढाव्या लागतात, आणि केवळ काय काढायचे हे शोधण्यातच सात सेकंदांहून अधिक वेळ जातो. दोन सेकंदांचे काम वाचवण्यासाठी ठेवलेली कॅशे स्वतःच सात सेकंद खाऊ लागली तर तिचा उपयोग राहत नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी फळ्यावर कॅशेला करावी लागणारी कामे लिहून काढली. नोंद ओळखण्याचे नाव, म्हणजे की, दिल्यावर तिची नोंद आहे की नाही हे तत्काळ सांगणे, सापडलेल्या नोंदीला 'सर्वांत अलीकडची' हे स्थान देणे, आणि जागा भरल्यावर सर्वांत जुनी नोंद ओळखून काढणे, अशी ती तीन कामे आहेत. आमच्या बाबतीत चौथेही आहे. वेधशाळेकडून सुधारित आकडे आले की त्या तालुक्याचे तेवढेच एक पत्रक, ते क्रमात कोठेही असो, कॅशेतून काढून टाकावे लागते. ही चारही कामे नोंदी कितीही असल्या तरी सरासरी सारख्याच वेळात व्हावीत अशी आमची अट आहे.

हॅश मॅप पहिले काम उत्तम करतो. कीवरून हॅश नावाची संख्या काढून तो थेट जागेवर पोहोचतो, मग नोंदी पाचशे असोत वा दोन लाख. परंतु कीचा हॅश आणि ती की केव्हा वापरली गेली यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. त्यामुळे 'सर्वांत जुनी कोणती' असे हॅश मॅपला विचारले तर त्याच्याकडे सर्व नोंदी चाळण्यावाचून मार्ग नसतो. याउलट वापराच्या क्रमाने लावलेली यादी शेवटची नोंद विनासायास दाखवते, पण 'औसा तालुक्याचे २०२५ चे पत्रक यात आहे का' असे विचारले की तिला एका टोकापासून एकेक नोंद पाहत जावे लागते. एका रचनेला जागा ठाऊक आहे पण क्रम ठाऊक नाही, आणि दुसरीला क्रम ठाऊक आहे पण जागा ठाऊक नाही.

हीपचाही विचार झाला. शेवटच्या वापराच्या वेळेनुसार हीप ठेवला तर सर्वांत जुनी नोंद वर मिळते, पण प्रत्येक वापरानंतर ती नोंद हीपमध्ये खाली सरकवावी लागते, आणि दोन लाख नोंदींच्या हीपला साधारण अठरा पातळ्या असतात. शिवाय ती नोंद हीपमध्ये कोठे आहे हे सांगण्यासाठी मॅप लागतोच. वापराची वेळ नेहमी वाढतच जाते, म्हणून नुकतीच वापरलेली नोंद नेहमी एका टोकालाच जाणार हे आधीच माहीत असते. हे माहीत असताना क्रम लावण्याचा खर्च करण्याचे कारण उरत नाही.

१२ जून २०२५

दोन रचना शेजारी ठेवल्याने काम होत नाही, त्या एकमेकींत गुंतवाव्या लागतात. विद्यार्थ्याच्या वडिलांचे मोंढ्यात आडतीचे दुकान असल्याने त्याला रोजकीर्द आणि खतावणी यांचा संबंध लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून तोच दाखला घेतला. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने लिहिले जातात, आणि खतावणीत तेच व्यवहार नावानुसार सापडतात. या दोन वह्यांना एकत्र बांधतो तो पान क्रमांक. रोजकीर्दीच्या ओळीत खाते पान लिहिलेले असते आणि खतावणीत रोजकीर्दीचे पान, त्यामुळे कोणत्याही बाजूने सुरुवात केली तरी दुसऱ्या वहीतील नेमकी जागा मिळते. आमच्या रचनेतही हॅश मॅपमध्ये कीसमोर मूल्य ठेवलेले नाही. यादीतील नोडचा, म्हणजे तिच्या एका कडीचा, पत्ता ठेवलेला आहे, आणि नोडमध्ये मूल्यासोबत कीही लिहिलेली आहे.

नोडमध्ये की कशासाठी, हे पुष्कळदा निसटते. जुनी नोंद काढताना आपण यादीच्या शेवटून सुरुवात करतो, म्हणजे हातात नोड असतो, की नसते. तो नोड यादीतून सोडवल्यावर मॅपमधील त्याची नोंदही पुसावी लागते, आणि ती कोणत्या कीखाली आहे हे नोडने सांगितले नाही तर पुन्हा संपूर्ण मॅप चाळणे आले.

वहीचा दाखला मात्र येथेच थांबतो, कारण रोजकीर्दीतील ओळ उचलून वर नेता येत नाही आणि आम्हाला तर प्रत्येक वापरानंतर नोड उचलून पुढे न्यायचा आहे. यादी दोन्ही बाजूंनी जोडलेली का हवी, याचे उत्तर याच उचलण्यात आहे. मॅपने आपल्याला साखळीच्या मध्यभागी असलेल्या नोडवर थेट आणून सोडलेले असते. तो सोडवायचा म्हणजे त्याच्या मागील नोडचा पुढचा दुवा बदलायचा. साखळी एकाच बाजूने जोडलेली असेल तर मागील नोड कोण हे कळण्यासाठी सुरुवातीपासून चालत यावे लागते, आणि मॅपमुळे वाचलेला सर्व वेळ त्या चालण्यात जातो. नोडमध्ये मागचा आणि पुढचा असे दोन्ही दुवे असले की शेजाऱ्यांचे दोन दुवे बदलले की तो मोकळा होतो.

विद्यार्थ्याने एक पर्याय सुचवला. एकेरी साखळीत पुढील नोडचा मजकूर या नोडमध्ये उतरवून घ्यायचा आणि पुढील नोडच काढून टाकायचा, म्हणजे मागे पाहावेच लागत नाही. एकट्या साखळीसाठी ही युक्ती चालते. पण तिच्यात मजकूर एका नोडमधून दुसऱ्यात जातो, आणि मॅपमध्ये तर त्या मजकुराच्या कीसमोर जुन्या नोडचा पत्ता आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी शेजाऱ्याचीही मॅपमधील नोंद दुरुस्त करावी लागते. शेवटच्या नोडला पुढचा शेजारी नसल्याने तेथे ही युक्ती चालतच नाही. मॅपमध्ये मागील नोडचा पत्ता ठेवण्याचा मार्गही आहे, पण त्यातही एक नोड हलवला की त्याच्या शेजाऱ्यांसाठी मॅपमध्ये लिहावे लागते. नोड जागचा हलला तरी त्याचा मेमरीतील पत्ता बदलू नये, फक्त त्याच्या भोवतीचे दुवे बदलावेत, हे दुहेरी साखळीत आपोआप साधते. म्हणूनच मॅपला या हालचालीची खबरही द्यावी लागत नाही.

या दुव्यांची किंमत मेमरीत मोजावी लागते. प्रत्येक दुवा ८ बाइटचा, म्हणजे एका नोंदीमागे १६ बाइट होतात. २०० किलोबाइटच्या पत्रकापुढे ते काहीच नाहीत, पण दोन लाख लहान नोंदींसाठी केवळ दुव्यांचेच ३.२ मेगाबाइट होतात. आम्हाला ते परवडतात.

१३ जून २०२५

आज घटक लिहून पूर्ण झाला. यादीच्या दोन्ही टोकांना एकेक रिकामा नोड कायमचा ठेवला आहे. त्यामुळे खऱ्या प्रत्येक नोडला मागे आणि पुढे कोणीतरी नेहमीच असते, आणि 'हा पहिला आहे का', 'हा शेवटचा आहे का' या अटी लिहाव्या लागत नाहीत.

```python
class Node:
    __slots__ = ("key", "value", "prev", "next")

class LRU:
    def __init__(self, cap):
        self.cap, self.map = cap, {}
        self.head, self.tail = Node(), Node()
        self.head.next, self.tail.prev = self.tail, self.head

    def _unlink(self, n):
        n.prev.next = n.next
        n.next.prev = n.prev

    def _push_front(self, n):
        n.prev, n.next = self.head, self.head.next
        self.head.next.prev = n
        self.head.next = n
```

मुख्य दोन क्रिया अशा आहेत :

```python
    def get(self, key):
        n = self.map.get(key)
        if n is None:
            return None
        self._unlink(n)
        self._push_front(n)
        return n.value

    def put(self, key, value):
        n = self.map.get(key)
        if n is not None:
            n.value = value
            self._unlink(n)
            self._push_front(n)
            return
        if len(self.map) >= self.cap:
            old = self.tail.prev
            self._unlink(old)
            del self.map[old.key]
        n = Node()
        n.key, n.value = key, value
        self.map[key] = n
        self._push_front(n)
```

मर्यादा तीन धरून कागदावर एक फेरी करून पाहिली. औसा, निलंगा आणि उदगीर ही पत्रके याच क्रमाने आत आली, तेव्हा यादी पुढून मागे उदगीर, निलंगा, औसा अशी झाली. आता निलंग्याची मागणी आली. मॅपने मधला नोड थेट दिला. त्याच्या मागच्या दुव्यावरून उदगीर आणि पुढच्या दुव्यावरून औसा हे शेजारी कळले, त्या दोघांना एकमेकांशी जोडले आणि निलंगा पुढे आला. यादी निलंगा, उदगीर, औसा अशी झाली, आणि या सर्वांत मॅपमध्ये एक अक्षरही बदलले नाही. त्यानंतर अहमदपूर आले तेव्हा जागा भरलेली होती. शेवटच्या रिकाम्या नोडच्या मागे औसा होता, तो सुटला आणि त्यानेच सांगितलेल्या कीने मॅपमधील नोंद पुसली गेली. मर्यादा शून्य दिली तर मात्र शेवटच्या रिकाम्या नोडच्या मागे पहिला रिकामा नोडच येतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून मर्यादा किमान एक असलीच पाहिजे, अशी तपासणी सुरुवातीलाच घातली.

१६ जून २०२५

चाचण्या दोष पकडतात की नाही हे पाहण्यासाठी आज `put` मधील 'ही की आधीपासून आहे का' हा भाग मुद्दाम काढून टाकला. असे प्रोग्रॅम पुष्कळ ठिकाणी आढळतात, आणि वरवर पाहता ते व्यवस्थित चालतात, म्हणून काय घडते ते सविस्तर लिहितो.

मर्यादा पुन्हा तीन. औसा आत आला, नंतर निलंगा, आणि सुधारित आकडे आल्यामुळे औसा पुन्हा ठेवला गेला. मॅपमध्ये औसा या कीसमोर आता नव्या नोडचा पत्ता आहे, पण जुना नोड यादीतून कोणीच सोडवलेला नाही. मॅपमध्ये दोन नोंदी आणि यादीत तीन नोड, असा फरक येथेच पडतो. नंतर उदगीर आले. मॅपमध्ये दोनच नोंदी असल्यामुळे जागा आहे असे समजले गेले, आणि मॅपमध्ये तीन तर यादीत चार झाले. पुढे अहमदपूर आल्यावर यादीच्या शेवटी असलेला औश्याचा जुना नोड काढला गेला आणि त्याच्या कीने मॅपमधील नोंद पुसली गेली. ती नोंद मात्र नव्या, ताज्या नोडची होती. आता औसा मागितला तर कॅशे 'नाही' म्हणते, जरी त्याचे ताजे पत्रक यादीत बसलेले आहे. तेथपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र उरलेला नाही. आणखी दोन नवी पत्रके आली की दुसऱ्या वेळी तोच अनाथ नोड शेवटी येतो, त्याची की मॅपमध्ये नसते, आणि `KeyError` येतो.

ही चूक लपवण्याचा मोह येथेच होतो. `del` ऐवजी `pop(key, None)` लिहिले की `KeyError` नाहीसा होतो, प्रोग्रॅम चालू राहतो, आणि मूळ दोष तसाच राहतो. बाहेरून मग एवढेच दिसते की सुधारित आकडे जास्त येतात त्या दिवशी कॅशेत सापडण्याचे प्रमाण घटते आणि मेमरी ठरवल्यापेक्षा थोडी अधिक लागते. त्यावरून कारणापर्यंत पोहोचणे अवघड आहे. म्हणून `del` तसाच ठेवण्याचा निर्णय घेतला, कारण तो ओरडतो ते योग्य वेळी ओरडतो.

याशिवाय एक तपासणी लिहिली आहे. यादीवरून पुढून मागे चालायचे, प्रत्येक नोडसाठी मॅपमध्ये त्याच्या कीसमोर तोच नोड आहे ना आणि त्याच्या पुढच्या नोडचा मागचा दुवा त्याच्याकडेच येतो ना हे पाहायचे, आणि शेवटी यादीतील नोडांची संख्या मॅपमधील नोंदींच्या संख्येइतकी आहे ना हे तपासायचे. यादृच्छिक क्रमाने लाखभर `get` आणि `put` करून प्रत्येक पावलानंतर ही तपासणी लावली, आणि काढून टाकलेला भाग तिने पहिल्या काही पावलांतच दाखवून दिला. प्रत्यक्ष वापरात ती बंद असेल, कारण ती संपूर्ण यादी चालते.

१८ जून २०२५

सेवा एकाच वेळी अनेक थ्रेड चालवते, म्हणून आज लॉकचा विचार केला. एका सहकाऱ्यांचे मत असे होते की `put` ला लॉक लावावा आणि `get` मोकळे सोडावे, कारण ते केवळ वाचते. एलआरयूमध्ये हे लागू पडत नाही, कारण येथे वाचतानाही चार-सहा दुवे बदलतात.

दोन थ्रेडनी एकाच क्षणी औसा मागितला असे समजू. पहिल्याने नोड सोडवला, तेवढ्यात दुसऱ्यानेही तोच सोडवला. नंतर पहिल्याने तो पुढे लावला, आणि दुसराही तो पुढे लावू लागला. दुसऱ्याच्या दृष्टीने आता 'सर्वांत पुढचा नोड' हा औसाच आहे, म्हणून औश्याचा पुढचा दुवा औश्याकडेच वळतो आणि मागचाही. पुढून चालणारा तेथेच फिरत राहतो, आणि बाकीची साखळी पुढच्या टोकापासून तुटते. म्हणून `get` आणि `put` या दोन्ही क्रिया पूर्णपणे एकाच लॉकखाली आणल्या आहेत. दोन सेकंदांची पत्रकाची गणना मात्र लॉकच्या बाहेरच होते. दोन थ्रेडनी तेच पत्रक एकदम बनवले तर एकाचे श्रम वाया जातात, पण दुसरा `put` आधीच्याच नोडमध्ये मूल्य बदलतो, म्हणून रचना शाबूत राहते.

२३ जून २०२५

घटक चालू झाल्यानंतर दिवसाचे प्रतिसाद समाधानकारक आहेत, परंतु रोज सकाळी पहिले दोन तास सेवा पूर्वीइतकीच संथ असते. कारण रात्रीच्या अहवालात सापडले. तो अहवाल ७६ तालुक्यांची चालू वर्षासह दहा वर्षांची, म्हणजे ७६० पत्रके ठरावीक क्रमाने मागतो. पहिल्या फेरीत तो एकूण बेरजा काढतो आणि दुसऱ्या फेरीत त्याच क्रमाने आलेख घेतो. कॅशेची मर्यादा ५०० असल्यामुळे दिवसभर लोकांनी मागितलेली सर्व पत्रके पहिल्या फेरीतच बाहेर पडतात.

याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट दुसऱ्या फेरीची आहे. पहिल्या फेरीच्या शेवटी कॅशेत २६१ ते ७६० क्रमांकांची पत्रके असतात. निम्म्याहून अधिक पत्रके हाताशी असल्याने दुसऱ्या फेरीत बरीच मिळतील असे वाटते, पण एकही मिळत नाही. पहिले पत्रक मागितले जाते, ते नसते, म्हणून ते बनवून ठेवण्यासाठी सर्वांत जुने, म्हणजे २६१ वे काढले जाते. दुसऱ्यासाठी २६२ वे जाते. फेरी २६१ व्यावर पोहोचते तेव्हा ते कधीच गेलेले असते, आणि हेच शेवटपर्यंत चालते. प्रत्येक पत्रक त्याची पाळी येण्यापूर्वीच काढले जाते. संगणकशास्त्रज्ञ बेलाडी यांनी १९६६ साली दाखवलेल्या आदर्श नियमानुसार ज्याची पुढील गरज सर्वांत उशिरा लागणार आहे तेच काढावे. वर्तुळाकार मागणीत एलआरयू कॅशेत असलेल्यांपैकी सर्वांत लवकर लागणारेच काढते, म्हणजे नेमके उलट करते. हॅश मॅप आणि यादी यांची रचना कितीही अचूक असली तरी हा दोष तिने दूर होत नाही, कारण रचना फक्त नियम जलद पाळते आणि येथे नियमच मागणीशी जुळत नाही.

दुसरी फेरी उलट क्रमाने, ७६० कडून १ कडे नेली तर पहिली ५०० पत्रके कॅशेतच मिळतात आणि केवळ २६० पुन्हा बनवावी लागतात. अहवाल लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनी हा बदल आजच केला. परंतु त्याने दिवसाची पत्रके वाचत नाहीत. त्यासाठी घटकात `peek` ही क्रिया घातली. ती मॅपमध्ये पाहते, असेल ते देते, पण नोड पुढे नेत नाही. दुसरी फेरीही त्यामुळे कॅशेवर अवलंबून राहू नये, म्हणून अहवाल आता `peek` ने विचारतो आणि न मिळालेले पत्रक स्वतःपुरते बनवून डिस्कवरील तात्पुरत्या फाइलीत ठेवतो, कॅशेत ठेवत नाही. आलेखाची फेरी त्या फाइलींवरून होते.

२६ जून २०२५

सकाळची संथता गेली आहे. आज तयार साधनांशी तुलना केली. `functools.lru_cache` आम्हाला चालत नाही, कारण त्यातून सुधारित आकड्यांच्या वेळी एकच पत्रक काढता येत नाही, संपूर्ण कॅशे रिकामी करावी लागते. साधी `dict` आता घातलेल्या क्रमाने नोंदी ठेवते, त्यामुळे की काढून पुन्हा घातली तर ती शेवटी जाते आणि पहिली की सर्वांत जुनी ठरते. पण काढलेल्या नोंदींच्या जागा आतील तक्त्यात रिकाम्या राहतात, आणि पहिली की शोधताना प्रत्येक वेळी त्या रिकाम्या जागा ओलांडत जावे लागते. सतत पुढून काढणाऱ्या कॅशेला हे महाग पडते. `OrderedDict` मध्ये मात्र `move_to_end` आणि `popitem(last=False)` आहेत आणि दोन्हींना नोंदींच्या संख्येनुसार वेळ वाढत नाही. तिची आतील रचना पाहिली तर तेथेही शब्दकोशासोबत दुहेरी साखळी आहे, आणि कीवरून साखळीतील नोड मिळवण्यासाठी हॅशच्या तक्त्याला समांतर अशी नोडच्या पत्त्यांची रांग ठेवलेली आहे.

मेमरीत डेटा ठेवणाऱ्या रेडिस या प्रणालीने वेगळा मार्ग घेतला आहे. तेथे प्रत्येक वस्तूसोबत केवळ २४ बिटांची वेळ असते आणि जागा लागली की मूळ ठरवलेल्या संख्येनुसार पाच वस्तू यादृच्छिक निवडून त्यांतील जुनी काढण्यासाठी घेतली जाते. साखळीच नसल्याने दुव्यांची मेमरी वाचते, पण काढलेली वस्तू खरोखर सर्वांत जुनी असेलच असे नाही. असंख्य लहान वस्तू ठेवणाऱ्यांना ही देवाणघेवाण योग्य वाटते. आमच्या दोन लाख नोंदींसाठी ३.२ मेगाबाइट देऊन अचूक क्रम मिळत असेल तर तो घेणे मला अधिक योग्य वाटते.

निर्णय असा झाला की बाहेरील क्रिया आणि चाचण्या आहेत तशाच ठेवून आतमध्ये `OrderedDict` वापरायची, कारण ती सी भाषेत लिहिलेली असल्याने अधिक जलद आहे. लॉक पूर्वीप्रमाणेच राहील. आमची स्वतःची यादी चाचण्यांत तुलनेसाठी ठेवली आहे, आणि दोन्ही घटकांना एकाच क्रमाने मागण्या देऊन प्रत्येक पावलावर कोणती की बाहेर गेली हे जुळवले जाते.

एक काम उरले आहे. पावसाचे दिवस वाढतात तशी पत्रके मोठी होतात, त्यामुळे ५०० ही संख्या १०० मेगाबाइटशी नेहमी जुळणार नाही. मर्यादा बाइटमध्ये मोजायची तर एक मोठे पत्रक आत घेताना दोन-तीन लहान पत्रके शेवटून काढावी लागतील, म्हणून `put` मधील `if` च्या जागी एकूण आकार मर्यादेत येईपर्यंत चालणारा `while` लागेल. एकटेच पत्रक मर्यादेपेक्षा मोठे निघाले तर ते कॅशेत घेऊ नये, ही अट त्या `while` च्या आधी तपासावी लागेल, अन्यथा त्याच्यासाठी सर्व यादी रिकामी होईल. हे काम पुढील आठवड्यात विद्यार्थ्याकडे दिले आहे.